पत्रिकेवरची लिंक आणि चौथ्या रात्रीची चाचणी

*"मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात झेरॉक्सचं दुकान चालवतो. गावच्या भागवत सप्ताहाचं यूट्यूब लाइव्ह मीच पाहतो. मागच्या वर्षी शेवटच्या रात्री खंजेरी भजनाचा जागर होता. त्या दिवशी दुपारी Private ठेवून दहा मिनिटांची चाचणी केली, सगळं झकास. रात्री नऊला लाइव्ह सुरू केलं आणि दहा वाजून पाच-सात मिनिटांनी जे अडकलं ते उठलंच नाही. मंडपात एवढे मोबाइल, टॉवर जाम झाला, असंच सगळे म्हणाले. सव्वाबाराला सामान आवरताना सहज जोडून पाह्यलं, तर गुळगुळीत चालू! नेट माझ्याच मोबाइलचं, रोजचे दीड जीबीवालं सिम. पुण्याच्या मामांना तर दुपारची चाचणीही दिसली नव्हती. यंदा पत्रिकेवर लाइव्हचा क्यूआर छापलाय. समिती म्हणते, चाचणीच्या भानगडीत पडू नको, डेटा जातो आणि लिंक फुटली तर हसं होतं. चाचणी करावी का? Private की Unlisted? अन् छापलेल्या लिंकवरच करून पाह्यली तर चालते का?"*

भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य सामान आवरतानाचं आहे. ते तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबलो आणि कागद-पेन घेतलं.

ओबीएसमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून यूट्यूबला लाइव्ह पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चित्राचा बिटरेट बहुतेक जण 2500 केबीपीएस ठेवतात आणि आवाजाचा 128. तुमचंही तेवढंच असेल असं धरतो. म्हणजे दर सेकंदाला 2628 किलोबिट वर जाणार. आठाने भागलं की साधारण 328 किलोबाइट, आणि तासाचे 3600 सेकंद धरले की जवळपास 1.2 जीबी. आता तुमचा दिवस मांडू. दीड जीबीतून दुपारच्या दहा मिनिटांच्या चाचणीचे 0.2 गेले. उरले 1.3. एवढ्यात लाइव्ह चालणार तास-सव्वातास, त्याहून जास्त नाही. आणि तुमचं लाइव्ह पडलं दहा वाजून पाच-सात मिनिटांनी.

कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, वेग 64 केबीपीएसवर येतो. फसगत होते ती इथेच. मोबाइलवर नेटची खूण दिसते, व्हॉट्सॲपवर "काय झालं रे?" असे मेसेजही येत राहतात, त्यामुळे आपल्या नेटकडे कुणाचं बोट जात नाही. पण 64 मध्ये नुसता 128 चा आवाजसुद्धा मावत नाही, चित्राचं तर नावच नको. रात्री बाराला नवा कोटा चालू झाला आणि सव्वाबाराला तुमचं मशीन गुळगुळीत चाललं.

टॉवर निर्दोष होता असं मी म्हणत नाही. बारानंतर मंडपही रिकामा होतो, तेव्हा गर्दीचं म्हणणंही त्या वेळेशी जुळतंच. पण दोन्हींची चाल वेगळी असते. गर्दीमुळे नेट आलं-गेलं होतं. दोन मिनिटं अडकतं, एखादं भजन नीट जातं, परत अडकतं. कोटा संपला की एकाच क्षणी पडतं आणि बारापर्यंत उठत नाही. "उठलंच नाही" हे तुम्हीच लिहिलंय. मागच्या वर्षीचे कंपनीचे मेसेज मोबाइलमध्ये पडून असतील तर त्या रात्रीचा "रोजचा डेटा संपला" हा मेसेज शोधा. त्याच्यावरची वेळ पाहिली की वाद मिटेल.

तेव्हा समितीचं "डेटा जातो" हे म्हणणं खरं आहे. जागराच्याच दिवशी, त्याच सिमवर केलेल्या चाचणीने तुमच्या लाइव्हमधून दहा मिनिटं कापून नेली. पण उलटं पाहिलं तर दहा मिनिटांच्या चाचणीला हा दोष सापडणं शक्यच नव्हतं. तास-सव्वातासाने येणारी अडचण पकडायची तर चाचणीही तेवढीच लांब हवी, आणि ती दुसऱ्या दिवशी हवी.

ती कधी करायची याचं उत्तर तुमच्या सप्ताहातच आहे. रिकाम्या मंडपात दुपारी "हॅलो, माइक टेस्टिंग" करून काय कळणार? ना गर्दी, ना खंजेरी, ना रात्रीचं नेट. त्यापेक्षा चौथ्या रात्रीचं कीर्तन पूर्ण, नऊपासून संपेपर्यंत, Unlisted ठेवून लाइव्ह करा. जागा तीच, सिम तेच, मिक्सरवाला तोच, आणि मंडपात माणसं बसलेली. शेवटच्या रात्री गर्दी आणखी वाढेल, ते आपण हिशोबात धरू. पण चौथ्या रात्री काही निघालं तर दुरुस्तीला पुढचे दोन-तीन दिवस हातात राहतात. जागराच्या दुपारी निघालं असतं तर काय केलं असतं?

आता मामांचं. Private ठेवलं की ज्यांना तुम्ही ईमेलवर बोलावलं तेच पाहू शकतात, आणि तेही त्याच ईमेलच्या खात्याने लॉगिन असतील तर. मामांनी एक जीमेल दिला असेल आणि टीव्हीवर मुलाचं खातं चालू असेल, तर लिंक हातात असूनही पडद्यावर काहीच दिसत नाही. तुम्हाला दुपारी दिसलं, ते तुमच्याच खात्यातून. म्हणून Private चाचणी ही जवळपास स्वतःच स्वतःला दाखवण्यासारखी होते. Unlisted मध्ये लिंक असेल तो कुणीही पाहू शकतो, लॉगिन लागत नाही. पण शोधात येत नाही, चॅनलच्या पानावर दिसत नाही आणि सबस्क्रायबरला नोटिफिकेशन जात नाही. बाहेरच्या माणसाला लाइव्ह कसं दिसतं हे पाहायचं तर Unlisted च.

लिंक फुटण्याची भीती मात्र खोटी नाही. Unlisted म्हणजे गुपित नव्हे, ज्याच्याकडे लिंक आहे तो ती पुढे पाठवू शकतो. म्हणून लिंक ग्रुपवर टाकू नका. तीन-चार जणांना एकेकाला पाठवा आणि "पुढे पाठवू नका" हे फोनवर तोंडी सांगा. नाव ठेवा "चाचणी, चौथी रात्र", म्हणजे फुटलीच तरी कुणाचा गैरसमज होणार नाही. चॅट बंद ठेवा. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहून झालं की ते Private करून टाका.

छापलेल्या लिंकवर चाचणी करायची नाही, भाऊ. हे एक वाक्य समितीलाही वाचून दाखवा. ठरवून ठेवलेलं लाइव्ह एकदा सुरू करून End stream दाबलं की ते संपलं. त्याच लिंकवर ते पुन्हा सुरू होत नाही, तिथे रेकॉर्डिंग उरतं. मग जागराच्या रात्री पत्रिकेचा क्यूआर स्कॅन करणाऱ्याला तुमची चाचणी दिसेल आणि खरं भजन दुसऱ्याच लिंकवर चालू असेल. पत्रिका तर गावोगाव गेलेल्या. पुढच्या वर्षी लाइव्हचा नाही, चॅनलचाच क्यूआर छापा. लाइव्ह बदललं तरी चॅनलचा पत्ता बदलत नाही.

याहून फसवी एक खोड आहे आणि तिच्यात मी स्वतः सापडलो आहे. एका लग्नाचं लाइव्ह ठरवून ठेवलं होतं, लिंक पाहुण्यांना आठवडाभर आधी गेलेली. आदल्या संध्याकाळी म्हटलं, केबल तेवढी पाहून घेऊ. ओबीएसमध्ये Start Streaming दाबलं. माझ्या मनात ही चाचणी. यूट्यूबच्या लेखी उद्याचं लग्न सुरू झालं. मांडववाला आणि मुलीचे काका पैशावरून बोलत होते, ते जवळपास चाळीस जणांनी ऐकलं. काकांनी मला अजून माफ केलेलं नाही.

कारण असं की ओबीएस फक्त एका स्ट्रीम कीवर, म्हणजे यूट्यूबने दिलेल्या कोडवर, चित्र पाठवतं. ते Unlisted आहे की सगळ्यांसाठी, हे त्याला ठाऊक नसतं. ती की ज्या कार्यक्रमाला जोडलेली असेल आणि त्या कार्यक्रमात Enable Auto-start चालू असेल, तर चित्र पोचताच तो कार्यक्रम सुरू होतो, भले त्याची वेळ तीन दिवसांनी असो. यूट्यूब आपली नेहमीची की पुन्हा पुन्हा पुढे करतं, त्यामुळे चाचणी आणि खरा कार्यक्रम दोन्ही एकाच कीवर बसलेले सापडतात.

म्हणून चाचणीला वेगळी की घ्या. लाइव्हच्या पानावर Manage मध्ये Schedule stream करून चौथ्या रात्रीचा नवा कार्यक्रम बनवा, Visibility मध्ये Unlisted निवडा, आणि Stream key च्या यादीत Create new stream key करून तिला "chachani" असं नाव द्या. जुन्या कार्यक्रमाचीच सेटिंग उचलून नवा बनवला असेल तर Visibility एकदा डोळ्यांनी वाचा. मागच्या वेळचं Public तसंच उतरलेलं असू शकतं. ओबीएसमध्ये Profile मेन्यूत दोन प्रोफाइल करा, एक chachani आणि एक jagar. की प्रोफाइलमध्येच साठवलेली राहते, म्हणजे ऐन वेळी चिकटवाचिकटवी नको. प्रोफाइलचं नाव ओबीएसच्या खिडकीच्या पट्टीवरच दिसतं. Start Streaming वर बोट ठेवण्याआधी ते मोठ्याने वाचायची मी सवय लावून घेतली आहे. शेजारचे हसतात, हसू द्या.

खऱ्या जागराच्या कार्यक्रमात आजच Enable Auto-start बंद करा. मग चित्र पाठवलं तरी ते फक्त तुमच्या पानावर दिसतं, लोकांना दिसत नाही, आणि Go live तुम्ही हाताने दाबेपर्यंत कार्यक्रम सुरू होत नाही. याचा एक फायदाही आहे: छापलेल्या लिंकची खरी की बरोबर आहे की नाही हे पाच मिनिटं चित्र पाठवून पाहता येतं, आणि थांबवलं तरी कार्यक्रम जसाच्या तसा ठरलेला राहतो. तोटा एवढाच की Go live दाबायचं विसरलात तर ओबीएसमध्ये हिरवं दिसत असतं आणि जगाला काहीच दिसत नसतं. Enable Auto-stop सुद्धा बंद ठेवा. तो चालू असला आणि नेट थोडं जास्त वेळ गेलं, तर यूट्यूब कार्यक्रम संपला असं समजून तो बंद करतं, आणि मग छापलेली लिंक गेलीच.

चौथ्या रात्री मामांना "दिसतं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो, मस्त" असंच येतं. त्यांना वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर पाहायला सांगा, कारण गावाबाहेर गेलेली निम्मी मंडळी तसंच पाहणार. इयरफोन लावून आधी डाव्या कानाने, मग उजव्या कानाने ऐकायला सांगा. मिक्सरची एकच वायर लॅपटॉपला गेली की आवाज कितीदा तरी एकाच कानात येतो, आणि मोबाइलच्या स्पीकरवर ते कुणाला कळत नाही. तसं निघालं तर ओबीएसमध्ये Advanced Audio Properties उघडून त्या आवाजापुढे Mono वर टिचकी मारा. टाळी वाजताना हात आणि आवाज जुळतात का, हेही त्यांनाच विचारा. तुम्ही बोललेलं त्यांना पंधरा-वीस सेकंद उशिरा पोचेल, त्याने घाबरू नका. Latency मध्ये Normal ठेवलं की तेवढा उशीर असतोच, आणि तोच उशीर बारीकसारीक नेटचे झटके पोटात घेतो. सप्ताहाला गप्पा मारायच्या नाहीत, Normal च ठेवा.

आवाजाची पातळी कीर्तनकार बोलत असताना लावू नका. बोलण्यावर लावली की खंजेरी सुरू होताच पट्टी लाल होऊन आवाज फाटतो. चौथ्या रात्री कीर्तनाच्या आधी तुमच्या भजन मंडळाला एक भजन पूर्ण जोरात म्हणायला लावा. पाच खंजेऱ्या, टाळ, हार्मोनियम, सगळं. ओबीएसच्या पट्टीवर उणे 20 ते उणे 9 हा पिवळा पट्टा असतो. सगळ्यात जोराचा भाग त्या पिवळ्यात राहील, लाल टेकणार नाही, असा मिक्सरवाल्याकडून आउटपुट कमी करून घ्या. आधी त्याचं बटण, मग तुमचं. तिकडून फाटून आलेला आवाज ओबीएसमध्ये कमी केला तरी फाटकाच राहतो. भजन सुरू होण्याआधी लाउडस्पीकरवर रेकॉर्डवरची गाणी वाजत असतील तर मंडपाचा आवाज म्यूट ठेवा. Unlisted असलं तरी यूट्यूब लाइव्हमधली गाणी ओळखतं. कॉपीराइटवरून चाचणी मधेच बंद पडली, किंवा चॅनलच्या लाइव्हवरच बंधन आलं, तर जागर राहिला बाजूला.

आता नेटचं. चौथ्या रात्री साडेनऊच्या सुमारास, मंडप भरल्यावर, ओबीएसच्या Stats मध्ये Dropped Frames चा आकडा पाहत राहा. तो नेटचा आहे. बाकीचे दोन आकडे, rendering lag आणि encoding lag, लॅपटॉपचे. ते वाढले तर दोष टॉवरला देऊ नका, लॅपटॉपवरच्या बाकीच्या खिडक्या बंद करा. Dropped Frames शून्याच्या आसपास राहिले तर ठीक. एक-दोन टक्क्यांच्या वर जाऊन वाढतच राहिले, तर बिटरेट 1500 वर आणा. 720 चं चित्र थोडं मऊ होईल, पण भजनात माणसं बसूनच असतात, चालून जातं. माझा आडाखा असा की भरलेल्या मंडपात वर जाणारा वेग तुमच्या बिटरेटच्या दुप्पट तरी हवा. चौथ्या रात्री तो 3 एमबीपीएस मिळाला तर 1500 च बरोबर, कारण सातव्या रात्री गर्दी त्यातलं आणखी खाणार.

1500 आणि 128 मिळून तासाला जवळपास पाऊण जीबी. नऊ ते बारा म्हणजे सव्वादोनच्या आसपास. दीड जीबीच्या सिमवर तेही बसत नाही, म्हणजे बिटरेट कमी करूनही मागच्या वर्षीसारखंच होईल, फक्त दहाऐवजी अकराला. तेव्हा जागराच्या रात्रीसाठी डेटाचं वेगळं पॅक टाका किंवा दुसरं सिम ठेवा. चौथ्या रात्रीलाही हाच नियम, नाहीतर चाचणी मधेच कोट्यावर जाऊन आपटेल आणि तुम्हाला दुसरं काही शिकता येणार नाही. हे पैसे समितीकडून मागा. दोनदा लाइव्ह म्हणजे दोनदा पॅक, हे वर्गणीच्या हिशोबात लिहायला लाजू नका. आणि त्या मोबाइलवर दिवसभर कुणाला रील पाहू देऊ नका, घरच्यांनासुद्धा.

शक्य असेल तर चौथ्या रात्री लाइव्ह चालू असतानाच एकदा मंडपाची लाइन जनरेटरवर टाकून पाहा. लॅपटॉप आणि मोबाइल बॅटरीवर चालतात, कॅमेराही बहुधा, मिक्सर बसतो. लाइन आल्यावर आवाज आपोआप परतला का, की ओबीएसमध्ये त्याला बंद करून चालू करावं लागलं, हे वहीत लिहून ठेवा.

सातव्या दिवशी दुपारी काही करू नका. आठ वाजून चाळीस मिनिटांनी jagar प्रोफाइल, Start Streaming. पानावर चित्र आलं, आवाजाची पट्टी हलली की थांबा. नऊला पाच कमी असताना Go live, आणि ते कोण दाबणार हे आधीच ठरलेलं असू द्या. दोघांनी एकमेकांवर सोडलं की कुणीच दाबत नाही. मग मामांना फोन करून डावा-उजवा कान विचारा. दहा वाजता मोबाइलमध्ये किती डेटा उरला ते पाहा. बारापर्यंत पुरत नाही असं दिसलं, तर दोन भजनांच्या मधल्या वेळात दुसऱ्या सिमवर जा. ओबीएस स्वतःहून पुन्हा जोडून घेईल, आणि Auto-stop बंद असल्यामुळे पाहणाऱ्यांची लिंक तीच राहील.